आत्याच्या ओठावर फोड, आणि परवा बारसं

माझ्या भावाच्या मुलीचं बारसं बाराव्या दिवशी करायचं ठरलं होतं. दहाव्या दिवशी संध्याकाळी मेथी निवडत बसले असताना खालच्या ओठाच्या डाव्या कडेला चुणचुण सुरू झाली. ही चुणचुण माझ्या ओळखीची आहे. कॉलेजात असल्यापासून वर्षातून एक-दोनदा ती त्याच जागी येते आणि दुसऱ्या दिवशी तिथे बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. आई म्हणायची, "उष्णता बाहेर पडली." मी मात्र १७ वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिकेचं काम करते आहे. तो फोड बाळासाठी काय असू शकतो हे मला माहीत आहे. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" करत नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि त्याच ओठावर हा फोड येणार होता.

ज्यांच्या घरी पहिल्यांदाच बाळ आलं आहे आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पाहुण्यांची रीघ लागणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी काय ओळखायचं, मग कुणाला काय सांगायचं, कार्यक्रमात काय बदलायचं, आणि इतकं करूनही चूक झालीच तर काय करायचं, असा क्रम ठेवला आहे.

आधी फोड ओळखा

या फोडांमागे हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू असतो. ओठावर येतो तो बहुतेक वेळा त्याचा पहिला प्रकार. नाव ऐकून दचकू नका, कुणाच्या चारित्र्याशी त्याचा संबंध नाही. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणाच्या तरी मुक्यातून किंवा लाळेतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या ५० वर्षांखालच्या १०० माणसांपैकी ६४ जणांत हा पहिला प्रकार आहे. म्हणजे बारशाला ४० माणसं जमली तर त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या अंगात तो असणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात एकदाही फोड आलेला नसतो.

एकदा अंगात शिरला की तो जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, मानसिक ताण अशा निमित्तानं उठतो आणि त्याच मज्जातंतूवरून खाली ओठावर येतो. फोड दर वेळी त्याच जागी का येतो, याचं कारण हेच. नात झाल्यावर आजीला तीन रात्री झोप नसते, दवाखान्याच्या खेपा असतात, जीव टांगणीला लागलेला असतो. विषाणू उठायला हे निमित्त पुरेसं आहे. म्हणून बाळंतपणाच्या घरात नेमके याच दिवसांत हे फोड दिसतात.

फोडाचा प्रवास साधारण असा असतो. आधी काही तास ते एक-दोन दिवस चुणचुण, खाज किंवा जळजळ होते. वरून काहीच दिसत नाही, पण विषाणू पोहोचलेला असतो. मग ओठाच्या कडेला, जिथे ओठ संपून त्वचा सुरू होते तिथे, लालसर जागेवर टाचणीच्या डोक्याएवढे पाणीदार फोड एकमेकांना चिकटून येतात. एक-दोन दिवसांत ते फुटतात, जागा ओली आणि दुखरी होते. फोड आल्यापासून ओल असेपर्यंतचा हा काळ सर्वांत जास्त संसर्गाचा. मग पिवळट-तपकिरी खपली धरते आणि सात ते दहा दिवसांत ती पडून खाली गुलाबी, सलग त्वचा दिसते. ही सलग त्वचा दिसेपर्यंत फोड संपला असं धरायचं नाही. खपली धरली की लोक म्हणतात, "आता सुकलंय की." पण हसताना, जेवताना ती तडकते आणि खालची ओल परत उघडी पडते.

ओठाशी होणारा प्रत्येक त्रास मात्र हर्पीस नसतो. तोंड येतं तेव्हा गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला पांढरट, गोल, झोंबणारा व्रण होतो. तो वेगळा प्रकार आहे, संसर्गजन्य नाही. ओठांचे कोपरे फाटतात तेही बहुधा वेगळ्याच कारणानं. खात्री होत नसेल तर ते हर्पीसच आहे असं समजून लांब राहा. आठ दिवस लांब राहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे बोट. ओठावरचा फोड खाजवून किंवा चोखून हाच विषाणू नखाच्या कडेला शिरू शकतो आणि तिथे लाल, ठणकणारे फोड येतात. लोक त्याला नखुरडं समजतात. आपल्याकडे बाळाला गुटी बोटानं चाटवतात, काजळ बोटानं घालतात, टाळूवर तेल बोटांनी थापतात. त्यामुळे घरातल्या मंडळींची आणि मालिशवाल्या बाईंची बोटंही पाहायला हवीत.

नवजात बाळालाच एवढं का जपायचं

तुमच्या-माझ्या ओठावर हा आठ दिवसांचा त्रास आहे. पहिल्या चार-सहा आठवड्यांच्या बाळात मात्र हा विषाणू एका जागी अडवून धरण्याची ताकद नसते. तो डोळ्यातून, तोंडातून, नाकातून किंवा त्वचेच्या बारीकशा जखमेतून आत शिरला की यकृतात, फुप्फुसांत, मेंदूत पसरू शकतो. सगळ्या शरीरात पसरलेला आजार उपचाराविना राहिला तर बहुतेक बाळं दगावतात. उपचार मिळूनही अशा १०० बाळांपैकी सुमारे ३० हाती लागत नाहीत. मेंदूला लागण झालेली बरीच बाळं वाचतात, पण पुढे झटके येणं, बोलणं-चालणं उशिरा होणं असे परिणाम राहू शकतात.

हा आजार दुर्मीळ आहे. जगभराचा अंदाज दर १०,००० जन्मांमागे एक बाळ असा आहे. त्यातही १०० पैकी सुमारे ८५ बाळांना तो प्रसूतीच्या वेळी, आईच्या जननमार्गातून होतो. सुमारे १० बाळांना जन्मानंतर होतो, म्हणजे कुणाच्या तरी ओठातून किंवा बोटातून. म्हणून गरोदरपणात आईला किंवा तिच्या नवऱ्याला जननेंद्रियावर कधीही फोड आले असतील तर ते प्रसूतीआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगणं फार गरजेचं आहे. कळा सुरू होताना तिथे फोड असतील तर सिझेरियनचा निर्णय घेतला जातो. नवऱ्याच्या ओठावर फोड असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या ओठांचा बायकोच्या अंगाशी कुठेही संबंध येऊ नये. ओठांशीही नाही आणि जननेंद्रियाशीही नाही. हे बोलायला अवघड वाटतं, म्हणून डॉक्टरांच्या खोलीत ते राहून जातं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा हिशेब तिच्यावर आहे. आईच्या अंगात हा विषाणू जुना असेल तर त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तिच्या रक्तातून वारेवाटे बाळाला मिळालेली असतात. अशा बाळाला पहिले काही महिने बरंच संरक्षण असतं, पुरेपूर नसलं तरी. म्हणजे जिला दर हिवाळ्यात ओठावर फोड येतो, तिच्या बाळाला तिच्यापासूनचा धोका कमी असतो. जिला कधीच फोड आले नाहीत आणि जिच्या अंगात विषाणूच नाही, तिचं बाळ काहीही कवच न घेता जन्माला येतं. त्याचा बाबा, आजी, आत्या यांच्या ओठावर फोड असेल तर खरा धोका त्या बाळाला. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला तर आईची प्रतिपिंडं असूनही कमी मिळालेली असतात, कारण ती मुख्यतः शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वारेतून जातात. माझ्या वहिनीला कधी फोड आल्याचं तिला आठवत नव्हतं. म्हणून मी तिच्या मुलीला कवच नाही असंच धरून चालले.

कार्यक्रमाआधी: निरोप कसा द्यायचा

बारशाच्या दिवशी दारात उभं राहून एकेकाच्या ओठांकडे बघणं बाळंतिणीला जमत नाही, आणि ते तिचं कामही नाही. निरोप आधी, सगळ्यांना एकसारखा आणि बाळाच्या बाबाच्या नावानं जायला हवा. सुनेनं सांगितलं की ती शिष्ट ठरते, मुलानं सांगितलं की ती डॉक्टरांची सूचना ठरते. हे बरोबर नाही, पण बाळाच्या पहिल्या महिन्यात ही लढाई लढत बसू नका. आमच्या घराच्या ग्रुपवर भावानं टाकलेला निरोप असा होता:

"सर्वांना नमस्कार. रविवारी बारशाला अगत्य येणे. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सव्वा महिना कुणीही बाळाचा मुका घ्यायचा नाही, आम्ही आई-बाबासुद्धा नाही. ज्यांच्या ओठावर किंवा बोटावर फोड, खपली किंवा चुणचुण असेल, त्यांनी आम्हाला आधी फोन करावा. त्यांनी जरूर यावे, जेवावे, फक्त बाळाला हातात घेऊ नये. सर्दी-ताप असेल तरी तसेच. आल्यावर हात साबणाने धुऊन मगच पाळण्याजवळ यावे."

यात "हर्पीस" हा शब्द मुद्दाम टाळला आहे. तो शब्द वाचून ज्याला फोड आहे तो गप्प बसतो. "ओठावर फोड" म्हटलं की काकू स्वतःहून म्हणतात, "अगं, मला आलाय कालपासून." आपल्याला एवढंच हवं असतं.

सव्वा महिन्याची मुदतही मुद्दाम निवडली. बाळंतिणीनं सव्वा महिना बाहेर पडायचं नाही हा नियम आजी-पणजीच्या काळापासून आपल्या घरात आहे, त्यामुळे तो कुणाला परका वाटत नाही. बाळात हा आजार सगळ्यात जास्त दिसतो तो पहिल्या चार ते सहा आठवड्यांत, आणि सव्वा महिना त्याच्याशी जवळजवळ जुळतो. माझ्या आईनं नेहमीचं म्हणून पाहिलं, "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" मी तिला म्हटलं, "तुम्ही वाढवलीत, आणि सव्वा महिना कुणाला खोलीत शिरू देत नव्हतात. आम्ही बाराव्या दिवशी हॉल घेतलाय." यावर ती पुढे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच माझ्या मावशीला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं.

जिला किंवा ज्याला फोड आला आहे त्यानं त्वचारोगतज्ज्ञांना किंवा घरच्या डॉक्टरांना लगेच फोन करावा. चुणचुण असतानाच गोळी सुरू केली तर फोड साधारण एखाद-दुसऱ्या दिवसानं लवकर बरा होतो. ॲसायक्लोव्हिरचं मलम दिवसातून पाच वेळा लावतात, त्याचा फायदा त्याहून थोडा. पण गोळी घेतली, मलम लावलं म्हणून बाळाला घ्यायला मोकळं झालो असं होत नाही. त्वचा सलग होईपर्यंत नियम तोच. मलम लावल्यावर हात धुवा, आणि तो रुमाल, ते लिपस्टिक, तो पेला दुसऱ्या कुणाला देऊ नका. हा विषाणू साबणानं आणि सॅनिटायझरनं सहज मरतो, ही यातली सोयीची गोष्ट.

बारशाच्या दिवशी

बारशाची रीत डोळ्यांसमोर आणून पाहा. बायका पाळण्याच्या खालून-वरून बाळ एकमेकींच्या हातात देतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." आठ-दहा हात फिरतात. मग आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी ओठ नेते आणि "कुर्रर्र" करून नाव सांगते. पाठीत धपाटे बसतात, ती हसते, आणि त्या हसण्याच्या भरात बाळाच्या गालाला ओठ टेकतात. काही घरांत त्याच दिवशी सोनाराकडून कान टोचतात, म्हणजे कानाच्या पाळीला नुकतीच जखम झालेली असते. ओठ, लाळ, ताजी जखम आणि बारा दिवसांचं बाळ, हे सगळं एका वीतभर जागेत येतं. रीत सोडा असं मी म्हणत नाही. त्यातला ओठ तेवढा बाजूला काढायचा.

आम्ही ते असं केलं. गोविंद-गोपाळ बाळाला घेऊन केलं नाही. गोधडीत गुंडाळलेला नारळ खालून-वरून फिरवला आणि बाळ पाळण्यातच राहिलं. कानात नाव सांगायला माझ्या धाकट्या चुलत बहिणीला उभं केलं. तीही आत्याच. तिला कधी फोड येत नाहीत आणि त्या दिवशी सर्दी नव्हती. तिनं मास्क लावला, आणि जाड कार्डाची पुंगळी करून तिच्यातून कुर्रर्र केलं. फोड नसलेल्या माणसाच्या लाळेतही कधी कधी थोडा विषाणू असू शकतो, म्हणून मास्क. मी खोलीच्या दारात उभी राहिले आणि तिच्या आधी मोठ्यानं नाव उच्चारलं. धपाटे मलाच बसले. कान टोचणं दोन महिन्यांवर ढकललं.

बाळाला भेटायचा मोह लोकांना आवरत नाही, म्हणून त्यांना करायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. नुसतं "नको, नको" म्हटलं की माणूस दुखावतो. आपल्याकडे त्याची सोय आहे. बाळावरून हात ओवाळून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडता येतात. हात धुऊन पावलांना हात लावता येतो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर घेता येतं, ओठावर काही नसेल आणि हात धुतलेले असतील तर. बाळाच्या हाताचा मुका मात्र नको. तोच हात पुढच्या मिनिटाला बाळाच्या तोंडात जातो. डोक्यावरचा मुकाही नको, टाळूजवळची त्वचा फार नाजूक असते. "तोंडावर नाही, डोक्यावर घेतला" म्हणणारे प्रत्येक घरात असतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

मालिशवाल्या बाईंशी वेगळं बोला, कारण पाहुणे एकदा येतात आणि त्या रोज येतात. त्यांच्या ओठावर किंवा बोटावर फोड असेल तर तेवढे दिवस पगारी सुट्टी द्या. पैसे कापले तर त्या फोड लपवतील. आंघोळीनंतर बाळाच्या कानात-नाकात फुंकर मारण्याची, नाक तोंडानं ओढून काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती पूर्ण बंद करायला सांगा. काजळ आणि बोटानं चाटवलेली गुटी बाळरोगतज्ज्ञ तसंही नकोच म्हणतात. तीट लावायचीच असेल तर धुतलेल्या हातानं तळपायाला लावा.

फोड आईलाच आला तर

दूध पाजणं थांबवायचं नाही. दुधातून हा विषाणू जात नाही. ओठावर फोड असेल तर आईनं पाजताना आणि बाळाला घेताना मास्क लावावा, प्रत्येक वेळी आधी हात धुवावेत, मुका घेऊ नये आणि फोडाला हात लावू नये. एवढं पुरतं. अशा वेळी सासू म्हणते, "दोन दिवस वरचं दूध दे." त्याची गरज नाही.

फोड स्तनावर असतील तर मात्र त्या बाजूनं पाजायचं नाही. फोड झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूनं पाजायचं. दुखऱ्या बाजूचं दूध दाटू नये म्हणून पिळावं, पण ते टाकून द्यावं, कारण पिळताना ते फोडाला लागतं. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं. आणि शेवटच्या तीन महिन्यांत आईला आयुष्यातला पहिलाच फोड आला असेल, तर प्रतिपिंडं तयार होऊन बाळापर्यंत पोहोचायला वेळ मिळालेला नसतो. ही गोष्ट बाळरोगतज्ज्ञांना जन्माच्या वेळीच सांगावी.

मुका घेतला गेलाच तर

समजा, चुलत सासऱ्यांनी बाळाच्या गालाचा मुका घेतला आणि नंतर लक्षात आलं की त्यांच्या ओठावर फोड आहे. आधी ती जागा सौम्य साबणानं आणि कोमट पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं पुसून कोरडी करा. चोळू नका. त्याच दिवशी बाळरोगतज्ज्ञांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: बाळ किती दिवसांचं आहे, मुका कुठे घेतला, आणि आईला आधी कधी असे फोड आले आहेत का. तारीख कॅलेंडरवर लिहा. लागण झालीच तर लक्षणं बहुधा २ ते १२ दिवसांत दिसतात, पण बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत लक्ष ठेवा. घरात असलेलं मोठ्यांचं मलम किंवा औषध बाळाला देऊ नका. एका मुक्यानं लागण होतेच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही. आणि ज्यांनी घेतला त्यांच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

लक्ष कशावर ठेवायचं? लोक फोडांची वाट बघतात, आणि घात होतो तो तिथेच. मेंदूपर्यंत किंवा सगळ्या अंगात आजार पसरलेल्या कितीतरी बाळांच्या अंगावर एकही फोड दिसत नाही. तापही येतोच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. आमच्या विभागात आलेलं एक अकरा दिवसांचं बाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याची आई एवढंच सांगत होती, "कालपासून ओढत नाहीये, झोपूनच असतं." घरचे म्हणाले होते, शहाणं बाळ आहे, त्रास देत नाही. दूध प्यायला उठत नाही, उठवलं तरी दोन घोट घेऊन झोपतं, अंग सैल पडतं किंवा कशानंच गप्प होत नाही, ही पहिली खूण. काखेत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा पांघरूण घालूनही हात-पाय आणि पोट गार. श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त. एकच हात किंवा पाय लयीत उडणं, सारखं ओठ चाटल्यासारखं करणं, नजर एका जागी खिळणं, हे झटके असू शकतात. डोळा लाल होऊन चिकटणं. आणि फोड आलेच तर लालसर जागेवर पाण्याचे बारीक थेंब एकत्र बसल्यासारखे, बहुधा डोकं, डोळे, तोंड यांच्या आसपास किंवा प्रसूतीत घासलं गेलेल्या जागी. नाकावरचे पांढरे दाणे किंवा अंगभर येणारे-जाणारे लाल चट्टे नवजात बाळांत नेहमीचे असतात, पण फोनवरच्या फोटोवरून त्याचा निवाडा करत बसू नका.

यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. आणि केसपेपर काढतानाच सांगा, "घरात अमक्या तारखेला ओठावर फोड असलेल्या माणसानं बाळाचा मुका घेतला होता." या एका वाक्यानं डॉक्टरांच्या तपासणीची दिशा बदलते. एरवी सुस्त बाळ पाहून आधी जंतुसंसर्गाचा विचार होतो आणि त्याची अँटिबायोटिक सुरू होतात. ती या विषाणूवर काम करत नाहीत.

तिथे पुढे काय होईल हेही माहीत असू द्या, म्हणजे ऐन वेळी घरात वाद होत नाहीत. बाळाच्या डोळ्यांतून, तोंडातून, नाकातून, गुदद्वारातून आणि फोड असेल तर फोडातून कापसाच्या काडीवर नमुने घेतात. रक्त घेतात. आणि पाठीतलं पाणी काढतात. या शेवटच्या तपासणीला नातेवाईक नकार देतात. पाठीत सुई टोचली की मूल पांगळं होतं, ही भीती मी असंख्य वेळा ऐकली आहे. सुई टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. त्या पाण्यावरूनच ठरतं की विषाणू मेंदूपर्यंत गेला आहे की नाही. गेला नसेल आणि आजार फक्त त्वचा, डोळे, तोंड एवढ्यावरच असेल तर शिरेतून ॲसायक्लोव्हिर १४ दिवस देतात, मेंदूत किंवा सगळ्या अंगात असेल तर २१ दिवस. तपासणी नाकारली तर डॉक्टरांना अंदाजानं औषध द्यावं लागतं. संशय असेल तर रिपोर्ट यायच्या आधीच औषध सुरू करतात, आणि तेच बरोबर आहे. फोड फक्त त्वचेवर असताना औषध सुरू झालं तर जवळजवळ सगळी बाळं वाचतात. शिरेतलं औषध संपल्यावर सहा महिने तेच औषध तोंडातून द्यायचं असतं. बाळ ठणठणीत दिसायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. बंद करू नका, कारण विषाणू दबलेलाच असतो, गेलेला नसतो.

ते अकरा दिवसांचं बाळ २१ दिवस आमच्याकडे होतं. त्याला त्याच्या बाबानं मुका दिला होता, ओठावर खपली असताना. "सुकलंय" असं वाटलं म्हणून.

माझ्या ओठावरची खपली बाराव्या दिवशी, म्हणजे बारशालाच, धरायला लागली होती. ती सतराव्या दिवशी पडली. खालची त्वचा गुलाबी होती, पण बोटानं ओठ ताणून आरशात पाहिलं तेव्हा मधे एक बारीक चीर दिसली. म्हणून आणखी दोन दिवस थांबले. विसाव्या दिवशी हात कोपरापर्यंत धुऊन, मास्क लावून भाचीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. वहिनीनं विचारलं, "आता मास्क कशाला?" मी म्हटलं, "सव्वा महिना व्हायला अजून बरेच दिवस आहेत गं." मुका मी तिला दोन महिन्यांची झाल्यावर दिला, त्या दिवशी सकाळी आरशात ओठ पाहून. आणि ओठ पाहण्याची ती सवय अजून आहे. सव्वा महिन्यानंतर धोका कमी होतो, पण फोड असलेला ओठ बाळाला कधीच लावायचा नसतो. मोठ्या बाळालाही पहिल्या लागणीत तोंडभर व्रण आणि ताप येतो, आणि आठवडाभर ते धड दूधही पीत नाही.